खोलीतली गार हवा बाहेर टाकणारे यंत्र

"भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडू देत नाहीत, म्हणून पोर्टेबल एसी घेतला. खोक्यावर एक टनच लिहिलंय, मग स्प्लिटसारखं गार का होत नाही? आणि तो जाड पाइप खिडकीतून नेमका काढायचा तरी कसा?"

एसी दुरुस्तीच्या कामात मला हे दर उन्हाळ्यात विचारले जाते. त्याचे उत्तर मी माझ्या भाचीच्या कोथरूडमधल्या खोलीवरून देतो, कारण तिथे मी सगळे स्वतः मोजून पाहिले आहे. खोली दहा बाय बाराची, वरच्या मजल्यावरची. एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचे तीन, बाहेर ३९ अंश. यंत्र दोन तास चालू होते आणि खोलीत ३२ अंश होते. यंत्राच्या तोंडातून येणारी हवा मात्र अगदी थंडगार होती, म्हणजे कॉम्प्रेसर आणि गॅस यांत काही बिघाड नव्हता.

मी तिच्या देवघरातली एक उदबत्ती पेटवून दाराच्या खालच्या फटीशी धरली. धूर सरळ वर न जाता आडवा होऊन खोलीत ओढला गेला. यंत्र बंद केले आणि अर्ध्या मिनिटात धूर पुन्हा सरळ वर जाऊ लागला. तुमच्या घरीही हे करून पाहा, कारण सगळे उत्तर त्या धुरात आहे.

पोर्टेबल एसीमध्ये थंड करणारी कॉइल आणि उष्णता टाकणारा कंडेन्सर हे दोन्ही एकाच पेटीत, म्हणजे खोलीतच असतात. कंडेन्सर थंड ठेवण्यासाठी लागणारी हवा यंत्र खोलीतूनच ओढते आणि तापवून पाइपातून बाहेर फेकते. ज्या हवेला गारवा देण्यासाठी आपण वीज खर्च केली, तीच हवा बाहेर जाते. ताशी साडेतीनशे घनमीटर हवा अशी बाहेर गेली, तर दहा बाय बाराच्या खोलीतली सगळी हवा साधारण सहा मिनिटांत बदलते. जितकी हवा बाहेर गेली तितकीच आत यावी लागते, आणि ती दाराखालून, खिडकीच्या फटींतून, बाथरूमच्या झरोक्यातून येते. बाहेरची ३९ अंशांची हवा २७ अंशांवर आणायची, तर एवढ्या हवेपायीच सुमारे सव्वा किलोवॅट क्षमता खर्च होते. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग भिंती, छत आणि माणसे यांच्या वाट्याला येण्याआधीच संपलेला असतो.

स्प्लिटमध्ये कंडेन्सर आणि कॉम्प्रेसर बाहेर असतात आणि भिंतीतून फक्त तांब्याच्या दोन नळ्या, एक वायर आणि पाण्याची नळी जाते. उष्णता गॅसबरोबर बाहेर जाते, हवा खोलीतच फिरत राहते. म्हणून एक टन हा आकडा दोन्ही खोक्यांवर सारखा असला, तरी खोलीला मिळणारा गारवा सारखा नसतो. अमेरिकेत २०१६ साली मोजणीची नवी पद्धत ठरली आणि ही आत येणारी गरम हवा व तापलेला पाइप दोन्ही हिशेबात धरले गेले. त्यानंतर तिथल्या खोक्यावर १४,००० बीटीयू या क्षमतेच्या आकड्याशेजारी आठ ते दहा हजारांचा दुसरा आकडा दिसू लागला. तो दुसरा आकडाच खरा मानावा.

आता पाइपाविषयी. भाचीने यंत्र पलंगाच्या पायथ्याशी ठेवले होते आणि मूळचा पाइप पुरेना म्हणून त्याला आणखी एक जोडला होता. तो दोन ठिकाणी वळून, मध्ये झोळीसारखा लोंबत खिडकीपर्यंत गेला होता. हात लावला तर चटका बसावा इतका तो तापला होता. पन्नास अंशांचा असा दीड मीटर पाइप खोलीत शंभर-दीडशे वॅट उष्णता सोडतो, आणि तिचा पाइप तर त्याच्या दुप्पट लांब होता. शिवाय प्रत्येक वळणावर पंख्याला हवा ढकलणे जड जाते, कंडेन्सर अधिक तापतो आणि फार झाले तर कॉम्प्रेसर ट्रिप होतो. म्हणून जोडपाइप कधीही लावू नये. आम्ही यंत्र थेट खिडकीखाली आणले, पाइप दाबून जेमतेम पाऊण मीटर ठेवला आणि तो एकच सौम्य वळण घेऊन वर चढेल असे पाहिले.

खिडकी पुण्यात सगळीकडे असते तशीच होती: तीन ट्रॅकची अॅल्युमिनियमची सरकती, काचेची दोन दारे आणि जाळीचे एक, बाहेर लोखंडी ग्रिल. यंत्राबरोबर मिळालेली प्लॅस्टिकची पट्टी उंचीला अपुरी पडत होती आणि उरलेल्या जागेत टॉवेल कोंबलेला होता. आम्ही सहा मिलिमीटरच्या प्लायची खिडकीच्या उंचीइतकी पट्टी कापून घेतली, तिला पाइपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडले, कडांना फोमची पट्टी चिकटवली आणि ती ट्रॅकमध्ये उभी करून काचेचे दार तिच्यावर सरकवून दाबले. जाळीचे दार पूर्ण दुसऱ्या बाजूला नेले, कारण जाळीतून गरम हवा ढकलणे म्हणजे पाइपाचे तोंड अर्धे दाबून धरणे होय. ग्रिलमधल्या दोन कुंड्याही हलवल्या, कारण त्यांना आपटून गरम हवा मागे वळत होती.

एवढे करूनही एक फट राहते आणि ती जवळजवळ प्रत्येकाच्या नजरेतून सुटते. सरकते दार अर्धवट उघडे असले की दोन काचांच्या मध्ये, एका दाराची चौकट आणि दुसऱ्याची काच यांच्यात, वरपासून खालपर्यंत बोटभर रुंद उभी चीर राहते. तिच्यातून, पाइपाच्या तोंडापासून हातभर अंतरावर, नुकतीच बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते. तिथे जाड फोमची पट्टी वरपासून खालपर्यंत बसवली. तासाभराने खोलीत २९ अंश झाले.

त्याहून खाली ते गेले नाहीत, आणि दुपारी जाणारही नाहीत, कारण फटी बुजवल्याने हवा आत येणे थांबत नाही, फक्त तिची वाट बदलते. ही वाट आपण निवडावी. भाचीचा हॉल सावलीत असतो, दुपारी तिथे ३३ अंश असतात; खिडकीच्या फटी बंद करून हवा दाराखालून हॉलमधूनच येऊ दिली, तर तो सव्वा किलोवॅटचा तोटा जवळपास निम्मा होतो. मात्र खोलीला जोडलेल्या बाथरूममध्ये गॅस गिझर असेल, तर एसी चालू असताना तो मुळीच लावू नका. खोलीतला दाब कमी झालेला असतो आणि गिझरचा धूर, कार्बन मोनॉक्साइडसकट, बाहेर न जाता झोपायच्या खोलीत ओढला जाऊ शकतो. हे मी प्रत्येकाला सांगतोच.

मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या वाचकांना मी हे यंत्र घ्या असे सांगत नाही. तिथे मे महिन्यात बाहेरच्या प्रत्येक किलो हवेत गार खोलीपेक्षा आठ-दहा ग्रॅम बाष्प जास्त असते. साडेतीनशे घनमीटरांच्या हिशेबाने ताशी तीन लिटरच्या वर पाणी काढावे लागेल आणि एक टनाची निम्म्याहून अधिक ताकद नुसती त्यातच जाईल. हवा ओढायला आणि सोडायला वेगवेगळे असे दोन पाइप असलेली यंत्रे मिळतात, ती या बाबतीत पुष्कळ बरी, पण त्यांना खिडकीत जागाही दुप्पट लागते.

पुण्यात रात्र वेगळी असते. साडेनऊला बाहेर २९ अंश झाले, हवा कोरडीच होती, आणि आत येणाऱ्या हवेचा भार जवळजवळ उरला नाही. तेच यंत्र, तोच पाइप. अकरा वाजता भाचीने २५ अंशांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले की पांघरूण घेतले आहे.