ती प्लाझ

फ्रेंच भाषेच्या डेल्फ परीक्षेत, ए-वन या सुरुवातीच्या पातळीला, चाळीसेक शब्दांचा छोटा मजकूर लिहायला असतो, बरेचदा पोस्टकार्डच. सरावासाठी बाईंनी विषय दिला होता : सुट्टीत समुद्रावर गेला आहात, मैत्रिणीला कळवा. मी मजेत लिहून दिलं आणि कार्ड दोन लाल वर्तुळं घेऊन परत आलं. ‘मी समुद्रकिनारी आहे’ यात एक, ‘पाणी गार आहे’ यात दुसरं. दोन्ही ठिकाणी मी स्त्रीलिंगी शब्दाला पुल्लिंगी, म्हणजे बाईला बाप्या केलं होतं.

खरं तर मी नियम पाळूनच चुकले होते. आधीच्याच आठवड्यात बाईंनी शेपट्यांचा तक्ता दिला होता. शब्दाचं शेपूट बघायचं आणि त्याआधी पुल्लिंगी ‘लं’ लावायचं की स्त्रीलिंगी ‘ला’ ते ठरवायचं. शेवटी ‘स्यों’ ऐकू आलं की बाई : ला स्तास्यों, ला नास्यों. ‘मां’ आलं की बहुतेक बाप्या : अपार्तमां. आणि शेवटी ए-जी-ई ही अक्षरं, म्हणजे उच्चारात ‘आझ’, तर तोही बाप्या : लं फ्रोमाझ म्हणजे चीज, लं व्वायाझ म्हणजे प्रवास, लं गाराझ, लं व्हिलाझ. मग समुद्रकिनारा, प्लाझ, वेगळा का असेल? म्हणून मी ‘आ ला प्लाझ’च्या जागी ‘ओ प्लाझ’ लिहिलं. पुल्लिंगी शब्द असला की ‘आ’ आणि ‘लं’ मिळून ‘ओ’ होतो, एवढं व्याकरण मला येत होतं, आणि त्यानंच घात केला.

“अपवाद आहे, पाठ करा,” बाई म्हणाल्या. मला अपवाद पाठ होत नाहीत, त्यांची कुळकथा कळली तरच लक्षात राहतात. ती शोधली तेव्हा कळलं की हा अपवाद नव्हेच. फ्रोमाझचं शेपूट लॅटिनमधल्या ‘-आतिकुम’ या प्रत्ययाचं आहे. व्वायाझ तर ‘विआतिकुम’मधून आला, म्हणजे मूळचा अर्थ वाटेची शिदोरी! लॅटिनला मराठीसारखी तीन लिंगं होती. फ्रेंचपर्यंत येताना नपुंसकलिंग गळून गेलं आणि त्यातले बहुतेक शब्द पुल्लिंगात शिरले. शिदोरीही तशीच शिरली. प्लाझला मात्र तो प्रत्यय कधी नव्हताच. ती इटालियनमधून आली, येतानाच बाई होती. पाझ म्हणजे पान आणि इमाझ म्हणजे चित्र, हे दोन्ही लॅटिनमध्येही स्त्रीलिंगीच. अक्षरं झिजून झिजून शेपूट सारखं दिसायला लागलं, एवढंच. ए-वनला एवढे तिघे ओळखता आले तरी पुष्कळ.

पाण्याचं दुखणंही तसंच. ‘ओ’ म्हणजे पाणी. लिहिताना ई-ए-यू. हीच अक्षरं शापोच्या, म्हणजे टोपीच्या, शेवटी असतात, आणि गातोच्या, म्हणजे केकच्याही. ते दोघं बाप्ये. पण तिथे ती शेपटी आहे आणि इथे तो अख्खा शब्दच, लॅटिन ‘आक्वा’ झिजून उरलेला. आक्वा बाई होती, म्हणून ओ बाई. शिवाय स्वरापुढे ‘लं’ आणि ‘ला’ दोन्ही नुसते ‘ल्’ होतात, त्यामुळे ‘लो’ म्हटलं की लिंग पदराआड जातं. गार या विशेषणापाशी ते उघडं पडतं : फ्रवा नाही, फ्रवाद. तेव्हापासून स्वरानं सुरू होणारा शब्द मी वहीत ‘ल्’ लावून लिहीत नाही, ‘एक’ या अर्थाचं पुल्लिंगी ‘अं’ किंवा स्त्रीलिंगी ‘युन’ लावून लिहिते. अं ओतेल, युन एकोल. पाण्याला तसं काही सहज लावता येत नाही, म्हणून तिथे ‘ओ फ्रवाद’ असं जोडीनं लिहिलंय.

यात फ्रेंचांना नावं ठेवायला मला तोंड नाही. आपल्याकडे ‘ई’नं संपणारी पोळी, खुर्ची, वही या बायका. पण पाणी? मराठी शिकणारी आमची बंगाली शेजारीण ‘गार पाणी आली’ म्हणते तेव्हा तीही नियम पाळूनच चुकत असते. तिला काय माहीत, की पाणी ‘पानीयम्’ आहे, लोणी ‘नवनीतम्’ आहे, आणि ई ही नुसती झीज आहे.

एका शब्दानं मात्र मला अजून चकवलं. वयाला फ्रेंचमध्ये नुसतं ‘आझ’ म्हणतात. पाण्याच्या न्यायानं हे अख्खं शेपूटच शब्द, म्हणजे बाई असायला हवी. पण नाही. त्याचा पूर्वजही ‘-आतिकुम’वालाच, प्रत्ययाआधीचं सगळं झिजलं आणि प्रत्ययच तेवढा उरला. म्हणून बाप्या.

परीक्षेत पोस्टकार्डाआधी एक फॉर्म भरायचा असतो. सरावाच्या फॉर्मवर ‘आझ’चा रकाना होता. मी ५२ लिहिलं. ५२ला लिंग नाही. गेल्या वर्षी बसले असते तर ५१च्या शेवटी ‘अं’ की ‘युन’ हा घोळ तोंडी परीक्षेत तरी झालाच असता.