खात्यातले ते दोन लाख

इचलकरंजीतल्या एका खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचा सहा लाखांच्या कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला. सूत व्यापाऱ्याचं, मजुरी यांची. त्यामुळे सॅलरी स्लिप नाही. सगळी भिस्त सहा महिन्यांच्या स्टेटमेंटवर.

एकूण जमा १३,६०,००० रुपये. पण मी आधी धंद्याचा नसलेला पैसा वजा करते. त्यांच्याच बचत खात्यातून वळवलेले ३,१०,००० गेले. मग शेवटच्या महिन्याच्या २८ तारखेला एकदम आलेले दोन लाख दिसले.

"हे कुणाचे?"

"मेव्हण्याचे, मॅडम. एजंट म्हणाला, खात्यात बॅलन्स दिसायला पाहिजे."

असे सल्ले देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आम्ही दर महिन्याच्या ५, १०, १५, २०, २५ आणि अखेरच्या तारखेची शिल्लक घेतो, म्हणजे सहा महिन्यांचे ३६ आकडे. त्यातला एकच आकडा या दोन लाखांनी फुगला. सरासरी जेमतेम साडेपाच हजारांनी वाढली आणि अर्जावर संशय मात्र आला.

उरले ८,५०,०००, म्हणजे महिन्याला साधारण १,४२,०००. ही मजुरी खरीच आहे का, हे लाइट बिलानं सांगितलं. दरमहा बावीस हजारांच्या आसपास जाणारं बिल एका महिन्यात बारा हजारांवर आलं होतं, आणि त्याच बिलाच्या काळात व्यापाऱ्याकडून आलेली मजुरीही जवळपास निम्मी होती. दिवाळीला कामगार गावी गेले होते. खोट्या जमेला असा मेळ बसत नाही. दर आठवड्याला निघणारी रोकड कामगारांच्या पगाराची होती.

तरी अर्ज अडला होता, कारण मागांच्या जुन्या कर्जाचा ९,८०० रुपयांचा हप्ता सहापैकी तीनदा बाउन्स झाला होता. एवढ्यावर बरेच जण फाइल बंद करतात. मी तारखा बघितल्या. हप्ता ५ तारखेचा, व्यापाऱ्याचे पैसे यायचे ८ ते १० दरम्यान. पाच तारखेला खात्यात दोन-तीन हजार, दहाला साठ हजारांवर. तिन्ही वेळा दुसऱ्या खेपेला, ११ तारखेच्या आत हप्ता वसूल झालेला. पैसे नसणं वेगळं आणि पैसे चार दिवस उशिरा येणं वेगळं. महिनाअखेरपर्यंत हप्ता थकलेला दिसला असता, तर मीही नकारच दिला असता.

कामगार, वीज, भाडं, दुरुस्ती वजा जाता हातात पंचेचाळीस हजार राहत होते. त्याच्या निम्मे, साडेबावीस हजार, आम्ही सगळ्या हप्त्यांसाठी धरतो. जुना हप्ता काढला की १२,७०० उरतात. सोळा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी सहा लाखांचा हप्ता साडेचौदा हजारांवर जातो. पाच लाखांचा १२,१६० च्या आसपास बसतो.

टिपणात मी पाच लाखांची शिफारस केली, हप्त्याची तारीख १२ लिहिली आणि जुन्या कर्जाची तारीखही पुढे करून घेण्याची अट घातली. मेव्हण्याचे दोन लाख त्याच दिवशी परत करायला सांगितले.