माळेखालची मान

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. या दिवसांत लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक जोरात असते, त्यामुळे आडतीवरची माणसं दवाखान्याकडे फिरकत नाहीत. म्हणूनच एका आडत दुकानाचे मुनीमकाका ऐन बाराला बायको आणि मुलाला घेऊन दारात उभे दिसले, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे कळलं. काकूंनी खुर्चीवर बसायच्या आधीच सोनोग्राफीचा रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला.

"मॅडम, आता तुम्हीच विचारा यांना. आमच्यासमोर खरं बोलंनात."

पोट गच्च वाटतं म्हणून काकांनी सोनोग्राफी केली होती आणि रिपोर्टवर लिहिलं होतं, फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. काकूंचा सख्खा भाऊ दारूनं गेलेला. त्याच्याही पहिल्या रिपोर्टवर हेच शब्द होते, आणि ते त्यांच्या डोक्यात पक्के बसले होते.

काकांनी गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरली. "पंचवीस वर्षं झाली माळ घालून. दारूच्या थेंबाला शिवलो नाही. आता घरातलेच संशय घ्यायलेत, तर मी कुणाला सांगावं?"

मी काकूंना आणि मुलाला बाहेर बसायला सांगितलं. दारूचा प्रश्न मी घरच्यांसमोर कधीच विचारत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका शिक्षकांना मी बायकोमुलांदेखत "किती घेता?" असं विचारलं होतं. घेता का, असं नाही, किती, असं. ते अजिबात घेत नव्हते. ते पुन्हा कधी आले नाहीत आणि त्यांच्या लिव्हरचं पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही.

काकांना एकट्याला विचारलं. देशी, बिअर, शिंदी, लग्नातला एखादा घोट, काहीच नाही. मग सवयीप्रमाणे काढ्यांचं विचारलं, कारण झाडपाल्यानंही लिव्हर सुजू शकतं. कोविडच्या काळात गुळवेलाच्या काढ्यानंतर लिव्हर बिघडलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. काका काढा घेत नव्हते. मेडिकलवरून आणलेली लिव्हरची एक बाटली मात्र दोन आठवडे चालू होती. ती बंद करायला सांगितली, कारण तिनं चरबी उतरत नाही आणि पैसे जातात.

तपासताना मानेवरची माळ मी जरा बाजूला केली. खालची कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी झालेली होती. काका म्हणाले, "ते माळेनं घासून झालंय." मी त्यांना हात वर करायला सांगितला. काखेतही अगदी तशीच कातडी होती. काखेत माळ पोचत नाही.

ही काळी मान म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची खूण असते, आणि न पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये चरबी साठण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथंच असतं. मग वजन आणि कंबर घेतली. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ८४ किलो, कंबर १०४. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० च्या आत असावी लागते, बाईची ८० च्या.

काकूंना आत बोलावलं आणि दोघांना त्यांच्याच धंद्याच्या भाषेत सांगितलं. पोटाची चरबी म्हणजे गोदाम. जेवणातून आलेला जादा माल तिथं थप्पीला लावून ठेवायचा हुकूम इन्सुलिन देतं. गोदाम गच्च भरलं की हुकूम चालत नाही. चरबी पुन्हा रक्तात सुटायला लागते आणि लिव्हरच्या ओट्यावर येऊन पडते. वरून गोड आणि पिठूळ जास्त झालं, तर लिव्हर त्या साखरेचीही स्वतः चरबी करतं. म्हणून तेलतूप न खाणाऱ्यालाही हा आजार होतो. काकूंनी काकांचं तूप रिपोर्ट आल्या दिवशीच बंद केलं होतं. चहाला कुणी हात लावला नव्हता.

तो चहा मी मोजायला लावला. दुकान उघडताना एक, सौदा निघाला की एक, शेतकरी आला की त्याच्याबरोबर एक, हमालांच्या सुट्टीला एक. काका बोटांवर मोजत नऊवर थांबले. कपाला साधारण दहा ग्रॅम साखर धरली तरी दिवसाला ९० ग्रॅम होते, म्हणजे महिन्याला अडीच किलोच्या वर. मुनीम माणूस, हिशेब त्यांनी माझ्याआधी केला आणि गप्प बसले. मी एकादशीचं विचारलं तर काकूच म्हणाल्या, "एकादशी अन् दुप्पट खाशी, तसंच हाय आमचं." सकाळी दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, रात्री भगर आणि बटाटा.

रक्ताच्या तपासण्या आल्या. कावीळ ब आणि क नव्हती, थायरॉइड ठीक होतं. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, २३८. लिव्हर दुखावलं की रक्तात वाढणारी दोन द्रव्यं, एसजीपीटी ८१ आणि एसजीओटी ४६. हे दोन आकडे मी काकूंना मुद्दाम दाखवले. दारूनं बिघडलेल्या लिव्हरमध्ये सहसा एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा चढं असतं, बऱ्याचदा दुपटीच्या पुढं. इथं उलटं होतं. एवढ्यावर कुणाला निर्दोष ठरवता येत नाही. आजार पुढं गेला की न पिणाऱ्याचंही एसजीओटी वर चढतं. पण काकांचं बोलणं, त्यांची मान, कंबर आणि हे आकडे सगळे एकाच दिशेला बोट दाखवत होते. काकू काही बोलल्या नाहीत, पण नवऱ्याच्या हातातली पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली.

आता 'ग्रेड दोन'चं. या शब्दानं लोक फार घाबरतात, आणि 'ग्रेड एक' वाचून तितकेच निर्धास्त होतात. दोन्ही चूक आहे. सोनोग्राफीची ग्रेड लिव्हर किती पांढुरकं दिसतं, म्हणजे अंदाजे किती चरबी आहे, एवढंच सांगते. पुढं धोका किती हे ठरतं ते लिव्हरमध्ये व्रण धरून ते किती घट्ट झालंय यावरून, आणि ते साध्या सोनोग्राफीत सुरुवातीला दिसत नाही. एसजीपीटी नॉर्मल असतानाही व्रण असू शकतात.

त्याचा पहिला अंदाज काढायला जादा पैसे लागत नाहीत. फिब-४ नावाचा हिशेब आहे. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, यानं भागायचं. काकांचं वय ४८. ४८ गुणिले ४६ म्हणजे २२०८. प्लेटलेट १ लाख ६० हजार, म्हणजे १६०; ८१ चं वर्गमूळ ९; गुणाकार १४४०. भागाकार आला १.५३. १.३ च्या खाली आला असता तर व्रणाची शक्यता कमी म्हणून मी तिथंच थांबले असते. २.६७ च्या वर असता तर सरळ पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. काका मधेच अडकले, म्हणून फायब्रोस्कॅन करायला सांगितला.

त्यासाठी तीन तास उपाशी जावं लागतं. उजव्या बरगड्यांच्या मधल्या फटीत यंत्राचं टोक ठेवून बारीक टिचकी मारतात आणि ती लाट लिव्हरमधून किती वेगानं जाते ते मोजतात. लिव्हर जितकं घट्ट, तितकी लाट वेगवान. निदान दहा चांगली मापं घेऊन त्यातलं मधलं धरतात. भरल्या पोटी केलं तर आकडा खोटाच वाढतो. काकांचा आला ७.४. आठच्या खाली म्हणजे मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. चरबी भरपूर, पण गोदाम अजून रिकामं करता येण्याजोगं होतं.

मुलानं तोवर मोबाइलवर एकवीस दिवस नुसता रस पिऊन लिव्हर धुण्याचा उपाय शोधला होता. मी तो ठामपणे नको म्हणाले. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि लिव्हरची सूज उलट वाढू शकते. न पिणाऱ्याच्या या आजारावरचं पहिलं औषध अमेरिकेत २०२४ साली मंजूर झालं, पण ते मध्यम ते वाढलेल्या व्रणांसाठी आहे. काकांसाठी औषध एकच होतं, वजन. पाच टक्के उतरलं तरी लिव्हरची चरबी कमी होते, सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही ओसरते. ८४ चे सात टक्के म्हणजे सहा किलो. मी सहा किलोला आठ महिने दिले.

नियम मोजकेच ठेवले. नऊ चहाचे तीन, तेही अर्धा चमचा साखरेचे. बाकीच्या वेळी पाणी किंवा ताक. भाकरी ज्वारीचीच, पण तीनाऐवजी दोन. ज्वारी चांगली, पण मोजून खाल्ली तरच, कारण एका मोठ्या भाकरीत अडीचशेच्या आसपास कॅलरी असतात. भाकरी कमी केली की भूक राहते, म्हणून ताटात आधी वरणाची वाटी आणि मेथी, शेपू किंवा अंबाडीची भाजी. रात्री भात नाही, जेवण साडेआठच्या आत. एकादशीला एकदाच फराळ, त्यात दही आणि फळ. बाजार उघडायच्या आधी चाळीस मिनिटं झपझप चालणं आणि एक दिवसाआड वीस बैठका, कारण मांड्यांचे स्नायू साखर खेचून घेतात आणि इन्सुलिनचं काम हलकं होतं.

पहिल्या महिन्यात १४०० ग्रॅम उतरले, दुसऱ्यात ११००. तिसऱ्यात हुरडा आणि लग्नसराई आली आणि काटा दोनशे ग्रॅम वर गेला. काका त्या महिन्यात यायलाच तयार नव्हते, काकूंनी आणलं. मी वजनाऐवजी कंबर मोजली, ती एका सेंटिमीटरनं कमी भरली. चालणं टिकलं होतं. मग बुडालं काय ते शोधलं: पंगतीचं जेवण वाढलं होतं आणि दुकानातला चहा तीनाचा पाच झाला होता. तेवढंच दुरुस्त केलं. आषाढीला काका दिंडीत पायी गेले, तर वाटेत जागोजागी लाडू, पोहे आणि गोड चहा. इतकं चालूनही वजन फक्त आठशे ग्रॅम उतरलं.

जुलैत वजन ७८ किलो भरलं आणि कंबर ९७. एसजीपीटी ३८, ट्रायग्लिसराइड १६४. सोनोग्राफीत अजूनही ग्रेड एक लिहिलेलं होतं आणि काकांचा चेहरा पडला. मी त्यांना कंबरेचा आकडा दाखवला आणि अजून सात सेंटिमीटर बाकी आहेत म्हटलं. मानेची कातडी थोडी उजळली होती, पूर्ण नाही.

काका उठले तेव्हा मुलगा मागं रेंगाळला. वय चोवीस, हातपाय काटकुळे, पोट मात्र शर्टाच्या बटणांना ताणणारं. त्यानं कॉलर खाली ओढली. "मॅडम, माझी पण अशीच हाय का बघा."

तशीच होती. कंबर भरली ९६. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. फिब-४ पस्तिशीच्या आतल्यांसाठी भरवशाचा नसतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत तो हिशेब उपयोगाचा नव्हता. मी कागदावर त्याचं वजन लिहिलं, खाली तारीख घातली आणि विचारलं, "तू दिवसाला कोल्ड्रिंकच्या किती बाटल्या पितोस?"