फोटोतलं दुसरं दूध

घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीतून एका टूबीएचकेच्या हॉलचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. खाली आईने लिहिलं होतं : "बाळ १० महिन्यांचं आहे, रांगतं, धरून उभं राहतं. कोपऱ्यांना सगळीकडे फोम लावलाय. अजून काही राहिलंय का बघाल?" घरं लहान मुलांच्या दृष्टीने तपासून देणं हे माझं काम. प्रत्यक्ष भेटीआधी असा एक फोटो मी नेहमीच मागवते, कारण भेट ठरली की लोक घर आवरून ठेवतात.

फोटो दारात उभं राहून, छातीच्या उंचीवरून काढलेला होता. अशा फोटोत टेबलांचे वरचे पृष्ठभाग छान दिसतात आणि बाळाला जे दिसतं ते जवळजवळ काहीच दिसत नाही. शिवाय मोबाइलची रुंद लेन्स जवळच्या वस्तू फुगवते आणि लांबच्या बारीक करते, त्यामुळे उंचीचा अंदाज डोळ्यांनी बांधला की हमखास चुकतो. म्हणून आधी माप शोधायचं. ठाण्यातल्या नव्या इमारतींत बहुतेक ठिकाणी ६० सेंटिमीटरच्या चौकोनी टाइल्स असतात, त्यावरून जमिनीवरची अंतरं मिळतात. उंचीसाठी सोफ्याची बैठक धरायची, ती साधारण ४५ सेंटिमीटर असते. एक पथ्य मात्र पाळायचं : वस्तू तिच्याच रांगेतल्या, तिच्याइतक्याच लांबच्या वस्तूशी ताडून पाहायची. दाराजवळच्या टाइलने खिडकीतली वस्तू मोजली की सगळं गणित फसतं.

सुरुवात टीपॉयपासून केली, कारण घरच्यांचा जीव त्यातच अडकला होता. चारही कोपऱ्यांना फोमच्या टोप्या होत्या, पण उजवीकडच्या टोपीखाली एक बारीक काळी रेघ दिसत होती. ती सावली होती, म्हणजे टोपी सुटायला लागली होती. काचेवर तेलकट हात लागलेले असतात. स्पिरिटने पुसून, कोरडं करून, टोपी चिकटवल्यावर दिवसभर तिला कुणी हात लावला नाही तरच तो गोंद धरतो. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तर घाईने लावलेली टोपी आठवड्यात सुटते. आणि सुटलेली टोपी ही कोपऱ्यापेक्षा वाईट. दात येणारं बाळ फोम चावतं, त्याचा तुकडा तुटतो, आणि तो मऊ तुकडा घशात नेमका बसतो. कोपऱ्याने खोक पडली असती, इथे श्वासच अडतो.

त्याहून मोठी गोष्ट काचेच्या कडेला दिसली. काच आणि लाकडी चौकट यांच्यामध्ये चार पारदर्शक रबरी बटणं होती, म्हणजे काच नुसती टेकवलेली होती. ४५ सेंटिमीटरच्या टीपॉयची कड धरूनच बाळ उभं राहणार, आणि काच चौकटीबाहेर बरीच आलेली असेल तर सगळा भार त्या बाहेरच्या कडेवर येऊन ती उचकटते. फोमची टोपी यात काहीच करत नाही. माझा सल्ला अशा वेळी नेहमी एकच असतो : वर्ष-दीड वर्ष टीपॉय बेडरूममध्ये भिंतीला लावा, हॉल मोकळा ठेवा. टोप्यांचे पैसेही वाचतात. हे ऐकून लोक जरा हिरमुसतात, पण ते असो.

मग नजर खिडकीकडे गेली. रोलर पडद्याची पांढरी मण्यांची साखळी भिंतीच्याच रंगाची होती, त्यामुळे पहिल्यांदा पाहताना निसटलीच होती. सोफा खिडकीला चिकटून होता आणि साखळीचं खालचं वळण बैठकीपासून साधारण २० सेंटिमीटरवर लोंबत होतं. १० महिन्यांचं मूल उंचीला ७०-७२ सेंटिमीटर असतं, सोफ्यावर उभं राहिलं की त्याची हनुवटी बैठकीपासून ५०-५५ सेंटिमीटरवर येते. म्हणजे त्या साखळीचा फास बाळाच्या गळ्याच्या उंचीवर, तोंडासमोर उघडा लटकत होता. त्यात डोकं गेलं आणि पाय घसरला, की शरीराचा थोडा भार मानेवर येणंसुद्धा पुरतं. श्वासनलिका आणि मानेच्या रक्तवाहिन्या दोन्ही दाबल्या जातात. मूल रडू शकत नाही. शेजारच्या खोलीत कुणालाही काही ऐकू येत नाही, आणि वेळ मिळतो तो मिनिटांत मोजण्याइतका.

आईला फोन लावला तर स्पीकरवर आजीही होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, साखळी वर गुंडाळून ठेवतो की आम्ही."

"काकू, फोटोत ती खाली आहे. सकाळी उजेडासाठी पडदा वर केला असेल, तेव्हा सुटली असेल."

"हो, ते खरंय," त्या म्हणाल्या.

गुंडाळून ठेवण्यातला घोळ हाच आहे. दिवसातून चार वेळा सोडायची साखळी एकदा तरी तशीच राहते. ती कापूनही चालत नाही. रोलर पडद्याची साखळी सलग असल्यामुळे कापली तर पडदा पूर्ण वर-खाली होत नाही आणि दोन लोंबती टोकं उरतात. उपाय म्हणजे साखळी ताणून धरणारी क्लिप. साखळीचं खालचं वळण त्या क्लिपमध्ये अडकवून ती भिंतीला बसवायची, इतकी ताठ की दोन पदरांमध्ये मुलाचं डोकं जाणार नाही. ती ड्रिल करून, प्लग आणि स्क्रूनेच लावायची. सोबत मिळणाऱ्या दुतर्फी टेपने लावलेली क्लिप एका झटक्यात हातात येते. आणि क्लिप बसली तरी सोफा खिडकीपासून हलवायचाच, कारण सोफा ही खिडकीपर्यंतची शिडी आहे. साखळी सुरक्षित झाली म्हणून खिडकी सुरक्षित होत नाही.

टीव्हीच्या केबलबद्दल थोडक्यात : टीव्ही युनिटवर दोन पायांवर उभा होता आणि सेटटॉप बॉक्सची वायर पुढून लोंबत होती. वायर मागे घ्यायची, टीव्ही भिंतीला पट्ट्याने बांधायचा. तासाभराचं काम.

फोटोतली खरी गोष्ट वेगळीच होती. गॅलरीच्या सरकत्या दारापाशी, पडद्याच्या काठाखाली, एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा खालचा भाग डोकावत होता. मोठं करून पाहिलं. लेबल सोललेलं, पण गोंदाचा मळकट पट्टा उरलेला. आत पांढरं, दुधासारखं काहीतरी. शेजारी पिळून ठेवलेलं फडकं आणि टाइलवर ओला गोल डाग. त्याच फोटोत टीपॉयवर बाळाची दुधाची बाटली होती. एकाच चौकटीत दोन पांढरी द्रवं, आणि दोन्ही बाळाच्या रांगण्याच्या वाटेवर.

विचारलं तर उत्तर लगेच आलं. दारावर येणाऱ्या फेरीवाल्याकडून सुटं पांढरं फिनाईल घेतलेलं होतं. कामवाल्या मावशी त्यात पाणी घालून ठेवतात, म्हणून ते दुधाळ दिसतं, आणि लादी पुसणं गॅलरीशी संपतं म्हणून बाटली तिथेच राहते. "बाळाला झाकण उघडता येत नाही," आजी म्हणाल्या. बाळाला नसेल येत. पण संध्याकाळी शेजारचा तीन वर्षांचा मुलगा खेळायला येतो, असं त्यांनीच बोलता बोलता सांगितलं. त्याला पाण्याच्या बाटलीचं झाकण उत्तम उघडता येतं, आणि पाण्याची बाटली म्हणजे पिण्याची वस्तू हे तर आपणच त्याला शिकवलेलं असतं.

अशा द्रवात पाईन तेल आणि फेस करणारी द्रव्यं असतात. पोटात जाण्यापेक्षा ते फुप्फुसात जाण्याचा धोका मोठा. म्हणून कुणी प्यायलंच तर उलटी काढायची नाही. मिठाचं पाणी, बोटं घालणं, यातलं काही करायचं नाही, कारण परत वर येताना ते श्वासनलिकेत शिरतं. बाटली हातात घेऊन दवाखाना गाठायचा. दिल्लीतल्या एम्सच्या विषमाहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक फ्रिजवर लिहून ठेवावा. आणि इथेच सुट्या फिनाईलची खरी गोम आहे : डॉक्टर विचारतात "काय प्यायलं?", आणि बाटलीवर उत्तर नसतं. फेरीवाल्याने त्यात काय घातलं होतं ते त्यालाच ठाऊक.

"आता वरच्या कपाटात ठेवते," आई म्हणाली. ते दोन दिवस टिकलं असतं. मावशींना रोज स्टूल घ्यावं लागलं असतं, आणि तिसऱ्या दिवशी बाटली पुन्हा गॅलरीपाशी. त्यापेक्षा बाथरूममध्ये मावशींच्या डोळ्यांच्या उंचीवर, साधारण १४० सेंटिमीटरवर, कडी असलेली एक छोटी फळी ठोकायची. त्याखाली बादली किंवा स्टूल ठेवायचं नाही. मिश्रण करायचं ते थेट बादलीत, तेवढ्यापुरतंच. उरलेलं ओतून द्यायचं. बाटली कंपनीची, लेबलासकट. हे मावशींना समोर बसवून ठरवा, म्हटलं, कारण हॉलभर बाटली घेऊन फिरणाऱ्या त्याच आहेत.

फोन ठेवताना मी दुसरे फोटो मागितले. फोन जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर धरून, हॉलच्या चार कोपऱ्यांतून चार, आणि फ्लॅश लावून सोफ्याखालचा एक. अर्ध्या तासात ते आले. देवघराच्या खालच्या उघड्या कप्प्यात कापराची डबी दिसली. कापूर पोटात गेला तर मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात, आणि त्याला फार थोडा पुरतो. ती डबी वर हलवायला सांगितली.

सोफ्याखालच्या फोटोत मात्र एक छोटा चपटा रिमोट होता, छतावरच्या रंगीत दिव्यांचा. त्याची सेल ठेवायची पट्टी बाहेर ओढलेली होती आणि गोल खाच रिकामी.

त्या खाचेत नाण्याएवढा, २० मिलिमीटरचा, ३ व्होल्टचा सेल असतो. अन्ननलिकेत अडकला तर तो फुटावा लागत नाही. त्याच्या विजेने आजूबाजूच्या ओलाव्यात कॉस्टिकसारखा क्षार तयार होतो, आणि दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. सुरुवातीला मूल नुसती लाळ गाळतं किंवा खात नाही, कधी काहीच दाखवत नाही. लक्षणांची वाट पाहायची नसते. मी आईला सांगितलं, सेल कुठे आहे हे नक्की माहीत नसेल तर शोधत बसू नका, एक्स-रेला निघा. एक्स-रेमध्ये घशापासून पोटापर्यंतचा भाग यायला हवा. नाणं समजून सोडू नये म्हणून डॉक्टरांना "सेल असू शकतो" हे शब्द आधी सांगा.

आई लिफ्टपर्यंत पोहोचली तेव्हा आजोबांचा फोन लागला. ते दुकानात होते. नवीन घेताना नमुना हवा म्हणून जुना सेल सकाळीच काढून सदऱ्याच्या खिशात घातला होता. रिमोटला सेल एकच लागतो, हे आजोबांकडून दोनदा वदवून घेतलं, तेव्हा आई परत फिरली. जुना सेल संपलेला होता, पण दिवा न लावू शकणाऱ्या सेलमध्येही भाजण्याइतका विजेचा दाब उरलेला असतो. आजोबांना दुकानातच त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावायला सांगितली.