न कापलेला प्रांत

"सर, फाळणीत पंजाब आणि बंगाल कापले गेले, मग सिंध का नाही कापला? अर्धा मिळाला असता तर तुम्हाला इथे यावंच लागलं नसतं ना?"

उल्हासनगरच्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी 31 वर्षं इतिहास शिकवला. दर वर्षी कुणीतरी मुलगा हे विचारायचाच. आता निवृत्तीनंतर सोसायटीतली मंडळी विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

कुणी तरी नकाशा पुढ्यात घेऊन सगळ्या हिंदुस्थानावर रेघ ओढली, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. तसं घडलं नाही. 3 जून 1947 ला माउंटबॅटनने जी योजना जाहीर केली, तिच्यात प्रत्येक प्रांताला वेगळी पद्धत होती. पंजाब आणि बंगालच्या विधानसभांनी दोन भागांत बसायचं होतं: मुस्लिमबहुल जिल्ह्यांचे आमदार एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. दोहोंपैकी एका भागाने जरी "विभागणी हवी" म्हटलं, तरी प्रांत विभागायचा. सरहद्द प्रांतात आणि सिल्हटमध्ये लोकांचं मतदान घ्यायचं. सिंधच्या विधानसभेने मात्र अखंड बसून एकच निर्णय द्यायचा होता. दोन भागांचा प्रश्न तिच्यापुढे आलाच नाही. 26 जूनला मतदान झालं. 33 मतं पाकिस्तानच्या घटनासमितीच्या बाजूने पडली, 20 विरोधात. तिथेच आमचा निकाल लागला. सीमा आखणारा रॅडक्लिफ हिंदुस्थानात उतरला तो त्यानंतर, 8 जुलैला, आणि त्याच्या कामाच्या यादीत सिंध नव्हताच.

असं का, तर गणिताचं एकक जिल्हा होतं. 1941 च्या जनगणनेत सिंधमध्ये हिंदू साधारण एक चतुर्थांश होते, पण ते राहायचे शहरांत आणि कसब्यांत. कराची आणि सिंधमधलं हैदराबाद या शहरांत हिंदूंची संख्या मुसलमानांपेक्षा जास्त होती. शहराबाहेर पडलात की शेती मुस्लिम वडेऱ्यांची, म्हणजे जमीनदारांची, आणि हारींची, म्हणजे कुळांची. कच्छ-राजस्थानला लागून असलेला थरपारकर एवढाच काय तो जिल्हा, जिथे दोन्ही समाज जवळपास बरोबरीचे होते. तो भारताला जोडा अशी मागणी करता आली असती असं आजही काही जण हळहळून म्हणतात. माझं मत विचाराल तर त्याने माझ्या घरच्यांचं काहीही वाचलं नसतं. आम्ही हैदराबादचे. शहरातला माणूस मुलुखभर विखुरलेला असतो, त्याला रेघ ओढून वाचवता येत नाही.

अजून एक गोष्ट मुलांना सांगितली की ती हसायची. सिंध 1847 पासून मुंबई इलाख्यात होता. कराचीच्या माणसाचं सरकार मुंबईत बसायचं. तो वेगळा झाला 1 एप्रिल 1936 ला. वेगळेपणाची मागणी पहिल्यांदा ठळकपणे मांडली ती हरचंदराय विशिनदास या हिंदू पुढाऱ्याने, 1913 च्या कराची काँग्रेसमध्ये. पुढे मुस्लिम पुढाऱ्यांनी ती उचलली, हिंदू विरोधात गेले आणि प्रांत वेगळा झाला. मुंबईतच राहिलो असतो तर काय झालं असतं, या वादात मी पडत नाही. एवढं खरं, की वेगळी विधानसभा नसती तर ते 33-20 सुद्धा तिथे झालं नसतं.

आता घरच्यांचं. 15 ऑगस्टला आमच्या घरी कुणी सामान बांधलं नव्हतं. पंजाबात कत्तली चालल्या होत्या, सिंध त्या मानाने शांत होता. डाडा, म्हणजे माझे आजोबा, शाळामास्तर. राज्य बदलतं, रयत बदलत नाही, असं ते म्हणायचे. पण भारतातून घरंदारं सोडून आलेले मुसलमान हैदराबादेत उतरू लागले, आणि त्यांना डोक्यावर छप्पर हवं होतं. 17 डिसेंबरला हैदराबादेत दंगल झाली, 6 जानेवारी 1948 ला कराचीत. त्यानंतर महिनाभरात आमची गल्ली रिकामी झाली. आमच्या घरात अजमेरहून आलेलं एक कुटुंब शिरलं, आणि डाडांचा धाकटा भाऊ गाडीने राजस्थानात गेला तो अजमेरलाच स्थायिक झाला. ही अदलाबदल कुणी ठरवून केली नव्हती.

डाडा-डाडी आणि चार मुलं कराचीच्या किमारी बंदरातून बोटीने मुंबईला आली. बंदरावर झडती झाली. डाडीने बांगड्या पिठाच्या डब्यात दडवल्या होत्या, त्या पिठासकट गेल्या. मुंबईहून कल्याणच्या लष्करी छावणीत. महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी, मध्ये गोणपाटाचे पडदे टाकून एकेकात कितीतरी बिऱ्हाडं. 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी होऊन या छावणीचं उल्हासनगर झालं. पत्ता मात्र अजूनही कॅम्प नंबरनेच सांगतात.

सोडलेल्या मालमत्तेची भरपाई मिळणार म्हणून 1950 मध्ये दाव्यांचा कायदा आला. आमच्याकडे आजही त्याला "क्लेम" म्हणतात. डाडांचा क्लेम कसा गेला ते सांगतो, कारण बहुतेकांचा असाच गेला. घर होतं पणजोबांच्या नावावर, वाटणीचा कागद नाही. भावांत कधी भांडणच नव्हतं, तर कागद कशाला करतील? पुरावा म्हणून घरपट्टीच्या दोन पावत्या होत्या. त्यामुळे आधी घराचं मोल कमी धरलं गेलं, मग त्यात तीन भावांचे वाटे पडले. शिवाय 1954 च्या कायद्याने जी भरपाई ठरली, ती मंजूर दाव्याचा काही हिस्साच होती. दावा जितका मोठा, तितका टक्का कमी. तेही आमच्या हाती रोख आलं नाही. बराकीतल्या ज्या खोलीत राहत होतो, तिची किंमत त्यातून वळती झाली.

तरी आम्ही नशीबवान म्हणायचे. शेजारच्या पडद्याआड एक शिंपी होता. हैदराबादेत भाड्याच्या दुकानात त्याचा वीस वर्षांचा जम होता. भाडेकरूच्या नावावर स्थावर काहीच नाही, म्हणून त्याला क्लेमच नाही. गिऱ्हाईक, उधारी, पत, यांना कोणत्याच फॉर्मात रकाना नव्हता. डाडांच्या मास्तरकीचं तेच झालं. ते शिकवायचे सिंधीतून. इथे त्यांनी लोकल गाडीत गोळ्या-बिस्किटं विकली. मोठा काका चौदा वर्षांचा होता, त्याची शाळा सुटली ती सुटलीच. वडिलांना शिकता आलं, कारण काका कमावत होता. पंजाब्यांना अर्धा का होईना पंजाब उरला, बंगाल्यांना अर्धा बंगाल. सिंधीला घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली 10 एप्रिल 1967 ला, पण ती राजभाषा असेल असं एकही राज्य नाही. मी मराठीत शिकलो, मराठीत शिकवलं, स्वप्नंही मराठीतच पडतात.

क्लेमचा फॉर्म इंग्रजीत होता, पण त्याचा कच्चा खर्डा डाडांनी सिंधीत लिहिला होता, अरबी वळणाच्या 52 अक्षरांत. तो माझ्या कपाटात आहे. मला ती लिपी येत नाही. कॅम्प तीनमधल्या एका वृद्ध गृहस्थांनी एकदा पहिलं पान वाचून दाखवलं: खोल्या पाच, विहीर एक, गच्चीवर वारा खाली ओढून घेणारे मंघ दोन. दुसऱ्या पानाला पुढच्या रविवारी बसू म्हणाले. त्या आठवड्यात ते गेले. दुसरं पान तसंच आहे.