आमची वाटचाल : गुरुवार आणि रविवारच्या मधे अडकलेली खरेदी

भोसरी एमआयडीसीत आम्ही दोन लेथवर काम सुरू केलं तेव्हा खरेदी म्हणजे मी स्वतः दुकानात जाऊन माल घेऊन येणं, एवढंच होतं. काम वाढलं तशी माणसं वाढली. माल हिशेबाबाहेर जाऊ नये म्हणून स्टोअर झालं, दर तपासायला खरेदीचा माणूस आला आणि जीएसटी आल्यावर शहरातल्या ऑफिसात अकाउंट्स बसलं. प्रत्येक टप्पा गरजेपोटीच आला. पण पुढे पुढे साध्या इन्सर्टसाठी, म्हणजे धातू कापणाऱ्या बदलत्या टोकासाठी, सीएनसी मशीन थांबू लागलं आणि प्रत्येक जण खरं तेच सांगे, "माझ्याकडे कागद पडून नव्हता."

म्हणून आम्ही स्विमलेन नकाशा काढला. भिंतीवर ब्राऊन पेपर लावून आडवे पट्टे आखले : शॉप फ्लोअर, स्टोअर, खरेदी, अकाउंट्स, मालक आणि सगळ्यात खाली पुरवठादार. डावीकडून उजवीकडे वेळ. ज्याचं काम त्याच्या पट्ट्यात चौकोन, निर्णयाला पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण, आणि कागद एका हातातून दुसऱ्या हातात गेला की पट्टा ओलांडणारा बाण. "आपल्याकडे खरेदी कशी होते?" असं विचारलं की लोक नियम सांगतात. म्हणून आम्ही होऊन गेलेला एक इंडेंट, म्हणजे माल मागवण्याचा कागद, घेतला. रजिस्टर, ईमेल, व्हॉट्सॲप आणि टॅलीतल्या तारखा काढून प्रत्येक चौकोनाखाली तीन वेळा लिहिल्या : कागद आला कधी, हातात घेतला कधी, पुढे गेला कधी. पहिल्या दोहोंमधलं अंतर म्हणजे थांबणं. ते कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं.

तो इंडेंट सीएनएमजी १२०४०८ इन्सर्टचा होता. मंगळवारी सकाळी सुपरवायझरने लिहिला, स्टोअरने शिल्लक पाहून सही केली. खरेदीकडे कागद संध्याकाळी पोचला आणि बुधवारी परत फिरला. या आकड्यांवरून आकार, जाडी आणि टोकाची गोलाई कळते. पण इन्सर्ट स्टीलसाठी हवा की बीडासाठी, हे ग्रेडवरून ठरतं आणि ग्रेडच लिहिली नव्हती. "ग्रेड नाही तर मी मागवू काय?" हा खरेदीवाल्या दादांचा प्रश्न रास्तच होता. सुपरवायझर दुसऱ्या पाळीला गेले होते, त्यांना निरोप उशिरा मिळाला. गुरुवारी आमची एमआयडीसीची सुट्टी, म्हणून उत्तर शुक्रवारी. मग तीन कोटेशन मागवली, ती शनिवारी दुपारपर्यंत आली. तुलनेचा तक्ता अकाउंट्सला गेला तोवर शहरातलं ऑफिस बंद व्हायची वेळ, आणि रविवारी त्यांची सुट्टी. सोमवारी अकाउंट्सच्या ताईंनी बजेट पाहिलं, संध्याकाळी माझी सही झाली, मंगळवारी पुरवठादाराला द्यायची ऑर्डर, म्हणजे पीओ निघाली.

अख्खा आठवडा गेला होता. चौकोनांमधला प्रत्यक्ष कामाचा वेळ जोडला तर जेमतेम दीड तास! बाकी सगळा वेळ बाणांवर होता. त्यातही मागे जाणारा बाण सगळ्यात महाग ठरला, कारण तो गुरुवारच्या तोंडावर निघाला. मला वाटलं होतं, अडचण सह्यांची संख्या असेल. नकाशा सांगत होता की कारखान्याची सुट्टी गुरुवारी आणि अकाउंट्सची रविवारी असल्यामुळे त्या वाटेवर उशिरा निघालेला कागद आठवड्यात दोनदा भिंतीला धडकतो.

एका कागदावर विसंबणं बरोबर नाही, म्हणून तेल, बेअरिंग आणि पॅकिंगचे आणखी काही इंडेंट त्याच पेपरवर वेगळ्या रंगात काढले. पॅकिंगचा कागद कधीच मागे फिरला नव्हता. इन्सर्ट आणि बेअरिंगचे बहुतेक फिरले होते. नकाशा कुठे थांबलं ते दाखवतो, का थांबलं ते त्या त्या माणसाशी बोलल्यावरच कळतं.

त्यानुसार बदल केले. इंडेंटच्या फॉर्मवर ग्रेड आणि मटेरियलचे रकाने छापले. ते रिकामे असतील तर स्टोअर कागद तिथेच, सुपरवायझर समोर उभे असतानाच परत देतं. नेहमीच्या मालाचे वर्षाचे दर आधीच ठरवले, त्यामुळे दर वेळी तीन कोटेशन लागत नाहीत. ठरावीक रकमेच्या आतल्या पीओचं बजेट खरेदीच पाहते. अकाउंट्सची तपासणी काढली नाही, ती बिलाच्या वेळी ठेवली : पीओ, माल आल्याची पावती आणि बिल जुळल्याशिवाय पैसे जात नाहीत.

रकमेच्या या मर्यादेत एक धोका आहेच. मोठी खरेदी तोडून दोन-तीन छोट्या पीओ केल्या की ती सहीशिवाय निसटते. म्हणून महिनाअखेरीस ताई टॅलीतून पुरवठादारवार यादी काढतात आणि एकाच आठवड्यात एकाच दुकानदाराच्या पाठोपाठच्या पीओ माझ्यासमोर ठेवतात. ब्राऊन पेपर अजून स्टोअरच्या भिंतीवर आहे. आता त्यावर पुरवठादाराचा पट्टा भरतोय, कारण पीओ वेळेत निघाल्यावर माल यायला लागणारा वेळ आमच्या डोळ्यांत येऊ लागला आहे.