जोडाघरातले काका

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जोडाघरातल्या काकांनी माझ्या चपला दोन्ही हातांनी घेतल्या, फडक्याने पुसल्या आणि टोकन दिलं. मनगटावर चांगलं भारी घड्याळ! मी दहाची नोट पुढे केली, तर हसून म्हणाले, "पैसे आत गोलकमध्ये टाका. इथे काही द्यायचंच असेल तर या, फडकं घ्या."

लंगरमध्येही तेच. लाखाची देणगी देणारा असो की उपाशी वाटसरू, पंगत एकच, जमिनीवर. रोटी घेताना हात दोघांनीही पसरायचे. आणि जेवून उठलेला कुणीही सरळ भांडी घासायला बसू शकतो.

(देणगीच्या पाट्या गुरुद्वाऱ्यांतही दिसतात, नाही असं नाही.)

पण आपल्या अन्नदानात देणारा उभा, घेणारा रांगेत. त्या रांगेतल्या माणसाच्या हातात कधी कुणी वाढायचा डाव दिलाय?